वीजबिल अपेक्षेपेक्षा जास्त का येतं: आधी युनिट तपासा, मग दर

बिल जास्त आलं की बहुतेक लोक सगळ्यात खालची रक्कम बघतात, मागच्या महिन्याच्या रकमेशी तिची तुलना करतात आणि थेट वीज कार्यालयाची वाट धरतात. तिथे "वापर वाढलाय" एवढंच उत्तर मिळतं आणि माणूस चिडून परत येतो. चूक तपासण्याच्या क्रमात असते. वीजबिलात आधी थकबाकी वेगळी काढायची, मग युनिट आणि दिवस बघायचे, त्यानंतर दर लावायचे आणि सगळ्यात शेवटी मीटरवर शंका घ्यायची. हा क्रम पाळला तर पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच कारण सापडण्याची शक्यता मोठी असते, आणि तक्रार करायची वेळ आलीच तर हातात नेमका आकडा असतो.

हा लेख महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी आहे. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा यांच्याकडून वीज घेणाऱ्यांचे दर वेगळे असतात, पण पद्धत हीच लागू पडते. उदाहरणांत मी २०२४-२५ या वर्षासाठी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ठरवून दिलेले दर घेतले आहेत. दर बदलत राहतात. त्यामुळे गणिताची रीत इथून घ्या आणि आकडे मात्र तुमच्या बिलाच्या महिन्याला लागू असलेल्या दरपत्रकातून घ्या.

## सुरुवातीची तयारी

समोर चार गोष्टी हव्यात: या महिन्याचं बिल, मागचं बिल, मागचं बिल भरल्याची पावती आणि मीटरचा आजचा फोटो. जुनं बिल सापडत नसेल तर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ते मिळतं. संकेतस्थळ बिलिंग युनिटचा चार अंकी क्रमांकही विचारतं, तो बिलाच्या वरच्या भागात असतो.

फोटो काढताना मीटर क्रमांक आणि रीडिंग एकाच चौकटीत यायला हवेत. नुसत्या आकड्याचा फोटो तक्रारीत फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो कुठल्या मीटरचा आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

इशारा: इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात. तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी, सगळं एकामागून एक सरकत जातं. आपल्याला हवा तो आकडा `kWh` हे अक्षरसमूह दिसत असतानाचा. `kVAh` किंवा `kW` दिसत असताना टिपलेला आकडा घेऊन लोक भांडायला जातात आणि तिथेच त्यांची बाजू पडते.

## १. आधी जुनं येणं बाजूला काढा

बिलात "चालू वीज देयक" आणि "थकबाकी" या वेगवेगळ्या ओळी असतात. या महिन्याच्या विजेचे पैसे म्हणजे फक्त चालू देयक. मागचं बिल तुम्ही मुदतीनंतर भरलं असेल आणि तोवर नवीन बिल तयार झालं असेल, तर भरलेली रक्कम पुन्हा थकबाकी म्हणून दिसते. अशा वेळी पावतीची तारीख आणि नव्या बिलाची तारीख शेजारी ठेवून बघा. पावती आधीची असेल तर तक्रारीची बाब आहे. नंतरची असेल तर ती रक्कम पुढच्या बिलात वळती होते. मुदत उलटली की सव्वा टक्का विलंब आकार मात्र लागतोच.

उन्हाळ्याच्या सुमारास आणखी एक कागद येतो, तो अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा. वर्षभरातला तुमचा सरासरी वापर वाढला की ठेवही वाढवून मागितली जाते. ही रक्कम विजेच्या बिलात मोजू नका. ती तुमच्या नावावर ठेव म्हणून राहते आणि तिच्यावर व्याजही मिळतं.

तपासा: थकबाकी, व्याज, समायोजित रक्कम बाजूला काढल्यावर उरलेलं चालू देयक मागच्या महिन्याच्या चालू देयकापेक्षा खरंच जास्त आहे का? नसेल तर पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही.

## २. रीडिंग, तारखा आणि युनिट

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी हीच वगळली जाते.

बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव आणि युनिट असे रकाने असतात. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करायचं आणि गुणक अवयवाने गुणायचं. घरगुती मीटरसाठी गुणक अवयव १ असतो. तिथे दुसरा आकडा दिसला तर थांबा आणि आधी त्याचा खुलासा मागा.

नाशिकमधल्या एका चार माणसांच्या घराचं उदाहरण घेऊ. मे महिन्याच्या बिलात मागील रीडिंग १४६८२ आहे आणि चालू रीडिंग १५००२. फरक ३२० युनिट. एप्रिलच्या बिलात हाच फरक २१० होता. म्हणजे ११० युनिट वाढले.

आता तारखा बघा. एप्रिलचं बिल १० मार्च ते ८ एप्रिल या काळाचं, म्हणजे २९ दिवसांचं होतं. मेचं बिल ८ एप्रिल ते ११ मे असं ३३ दिवसांचं आहे. दिवसाला सरासरी काढली तर एप्रिलमध्ये ७.२ युनिट आणि मेमध्ये ९.७ युनिट. महिन्याला महिना लावला तर वापर ५२ टक्के वाढलेला दिसतो, दिवसाला दिवस लावला तर ३४ टक्के. बाकीची वाढ चार जादा दिवसांची आहे, आणि ते दिवस पुढच्या बिलात बहुधा कमी होतील. त्यामुळे दोन बिलांची तुलना नेहमी दिवसाच्या सरासरीवर करा.

त्यानंतर बिलावर मीटरचा फोटो छापलेला असेल तर तो बघा. फोटोतला आकडा आणि चालू रीडिंगचा आकडा जुळायला हवा. फोटोतला मीटर क्रमांक तुमच्याच मीटरचा आहे हेही बघा. पुसट पडद्यामुळे ३ चा ८ वाचला गेला की एका झटक्यात शेकडो युनिट वाढतात.

तपासा: आज मीटरवर दिसणारं रीडिंग बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा जास्तच असायला हवं. बिल येईपर्यंत काही दिवस गेलेले असतात आणि मीटर उलटं फिरत नाही. आजचं रीडिंग बिलातल्या रीडिंगपेक्षा कमी असेल, तर बिलातलं रीडिंग चुकीचं आहे याचा याहून सरळ पुरावा नाही. (छतावर सौरऊर्जेचे पॅनेल असलेल्यांचा हिशोब निराळा असतो. त्यांच्या मीटरवर घेतलेली आणि दिलेली वीज वेगळी दाखवली जाते.)

## ३. टप्प्यांचं गणित स्वतः मांडा

घरगुती विजेचे चार टप्पे आहेत: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. २०२४-२५ मध्ये वीज आकाराचे दर या टप्प्यांसाठी अनुक्रमे ४ रुपये ७१ पैसे, १० रुपये २९ पैसे, १४ रुपये ५५ पैसे आणि १६ रुपये ६४ पैसे होते.

इथे एक मोठा गैरसमज आहे. १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असं अनेक जण ठामपणे सांगतात. तसं होत नाही. पहिल्या १०० युनिटना कायम पहिला दर लागतो. वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडलेल्या युनिटना लागतो. २९९ वरून ३०१ वर गेल्याने बिल एकदम उडी मारत नाही. म्हणून "तीनशेच्या आत राहायचं" म्हणून महिनाअखेरीस घरात अंधार करून बसण्यात अर्थ नाही.

पण याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे: वाढलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यात जाऊन पडतं. नाशिकच्या घराचं गणित मांडू.

एप्रिल, २१० युनिट: पहिल्या १०० युनिटचे ४७१ रुपये आणि पुढच्या ११० युनिटचे १,१३१ रुपये ९० पैसे. वीज आकार १,६०२ रुपये ९० पैसे.

मे, ३२० युनिट: पहिल्या १०० चे ४७१, पुढच्या २०० चे २,०५८ आणि उरलेल्या २० युनिटचे २९१ रुपये. वीज आकार २,८२० रुपये.

इशारा: रीडिंगचा काळ महिन्यापेक्षा बराच कमी-जास्त असेल तर टप्प्यांच्या मर्यादाही त्या प्रमाणात बदलू शकतात. बिलाच्या तपशिलात १०० ऐवजी वेगळा आकडा दिसला तर तो चुकीचा आहे असं लगेच समजू नका. त्याच मर्यादेने गणित करून बघा.

## ४. स्थिर आकार, वहन आकार आणि शुल्क

टप्प्यांच्या गणितावर लोक थांबतात आणि मग "माझा हिशोब २,८२० येतो, बिल ३,८५० चं कसं?" असा प्रश्न पडतो. कारण वीज आकार हा बिलाचा फक्त एक भाग आहे.

वहन आकार म्हणजे तारांमधून वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च. तो प्रत्येक युनिटवर सारखाच लागतो, टप्पा कुठलाही असो. २०२४-२५ मध्ये तो युनिटमागे १ रुपया १७ पैसे होता. आपण मनातल्या मनात "पहिल्या टप्प्याचा दर पावणेपाच रुपये" असं धरून चालतो तेव्हा हा सव्वा रुपया त्यात नसतो.

स्थिर आकार वापराशी जोडलेला नाही. सिंगल फेज घरगुती जोडणीला तो महिना १२८ रुपये होता. घर बंद असलं आणि शून्य युनिट जळले तरी तो द्यावाच लागतो. गावाकडचं घर वर्षभर कुलूपबंद ठेवलं, तर शुल्क धरून महिन्याला १४८ रुपये ४८ पैसे, म्हणजे वर्षाला सुमारे १,७८० रुपये एवढं बिल काहीही न वापरता येतं. "घर बंद होतं तरी बिल आलं" या तक्रारीचं मूळ इथे असतं. मात्र बंद घराच्या बिलात युनिटही लावलेले असतील तर ती गोष्ट वेगळी. तिचा विचार सहाव्या पायरीत आहे.

थ्री फेज जोडणीचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त असतो. जुन्या मालकाने थ्री फेज घेतलं होतं आणि तुम्हाला त्याची गरज नाही, असं असेल तर दर महिन्याला हा फरक विनाकारण जातो. बिलावर "दर संकेत" अशी नोंद असते. साध्या घरासाठी तिथे `LT I Res 1-Phase` असं दिसायला हवं. तिथे व्यावसायिक वर्गवारी दिसली तर सगळे दरच बदलतात, मग बाकीचं काहीही तपासण्याआधी ती वर्गवारी का लागली ते विचारा.

या सगळ्यावर राज्य सरकारचं वीज शुल्क, घरगुती ग्राहकांसाठी १६ टक्के. ते फक्त वीज आकारावर नसतं. वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार आणि पाचव्या पायरीत येणारा इंधन समायोजन आकार यांच्या एकूण बेरजेवर ते लागतं.

आता नाशिकचं पूर्ण बिल, इंधन समायोजन शून्य धरून:

एप्रिल: वीज आकार १,६०२.९०, वहन आकार २४५.७०, स्थिर आकार १२८. बेरीज १,९७६.६०. त्यावर शुल्क ३१६.२६. एकूण २,२९२.८६ रुपये.

मे: वीज आकार २,८२०, वहन आकार ३७४.४०, स्थिर आकार १२८. बेरीज ३,३२२.४०. त्यावर शुल्क ५३१.५८. एकूण ३,८५३.९८ रुपये.

युनिट ५२ टक्के वाढले, बिल ६८ टक्के. अपेक्षा आणि वास्तव यांच्यातली फट नेमकी इथे पडते. एप्रिलमध्ये या घराला युनिट सरासरी १० रुपये ९२ पैशांना पडलं होतं. त्याच भावाने जादा ११० युनिटचे साधारण १,२०० रुपये होतील असं घरातल्यांनी धरलं. प्रत्यक्षात १,५६१ रुपये वाढले, कारण ते ११० युनिट वरच्या टप्प्यांत पडले. शुल्क आणि वहन आकार धरून पहिल्या टप्प्यातलं युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडतं, दुसऱ्यातलं १३ रुपये २९ पैशांना आणि तिसऱ्यातलं १८ रुपये २४ पैशांना. म्हणून एसी, गिझर, पाण्याची मोटर अशा जादा वापराचा खर्च काढताना सरासरी भाव कधीच धरू नका. तुमचा नेहमीचा वापर ज्या टप्प्यात संपतो, तिथून पुढचा भाव धरा.

तपासा: तुमचं गणित आणि बिल यांत पाच रुपयांच्या आतला फरक असेल तर तो पूर्णांकाचा आहे. देयक जवळच्या दहा रुपयांपर्यंत गोल केलं जातं. फरक त्याहून मोठा असेल तर पुढची ओळ बघा.

## ५. इंधन समायोजन आकार

युनिट तेवढेच, दर तेवढेच, तरी बिल शंभर-दोनशेने जास्त. असं झालं तर नजर थेट या ओळीवर न्या.

आयोग वर्षाचे दर ठरवतो तेव्हा कोळसा आणि वीजखरेदीचा खर्च अंदाजाने धरलेला असतो. प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्त झाला तर फरक नंतरच्या बिलांतून वसूल होतो, कमी झाला तर ही ओळ शून्य किंवा उणेही होऊ शकते. हा आकार दर महिन्याला बदलू शकतो. वार्षिक दरपत्रकात तो सापडत नाही, त्यासाठी महावितरणचं त्या महिन्याचं परिपत्रक बघावं लागतं.

२०२२ चं उदाहरण बोलकं आहे. त्या वर्षी मार्च ते मे या काळात विजेची मागणी वाढली, कोळसा टंचाईचा होता आणि वीजखरेदी महाग पडली. त्याची वसुली जुलैपासूनच्या बिलांत सुरू झाली. घरगुती ग्राहकांसाठी दर होते: पहिल्या टप्प्याला युनिटमागे ६५ पैसे, दुसऱ्याला १ रुपया ४५ पैसे, तिसऱ्याला २ रुपये ५ पैसे आणि ५०० च्या वर २ रुपये ३५ पैसे. एखाद्या घरात ४०० युनिट जळले असतील तर ६५ अधिक २९० अधिक २०५, असे ५६० रुपये झाले. त्यावर १६ टक्के शुल्क धरलं की ६४९ रुपये ६० पैसे. घरातलं एकही बटण जास्त दाबलं गेलं नव्हतं आणि बिल साडेसहाशेने वाढलं होतं.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्या. खर्च उन्हाळ्यातला असला तरी आकारणी होते ती वसुलीच्या महिन्यातल्या तुमच्या वापरावर. उन्हाळ्यात घर बंद होतं म्हणून हा आकार माफ होत नाही. आणि हा आकारही टप्प्यानुसार चढत जातो, म्हणजे जास्त वापरणाऱ्याला तो दोन्ही बाजूंनी लागतो.

इशारा: "इंधन समायोजन रद्द करा" अशी तक्रार शाखा कार्यालयात देऊन काही होत नाही. तो त्यांच्या हातातला विषयच नाही. तिथे विचारायचं ते एवढंच, की लावलेला दर त्या महिन्याच्या परिपत्रकाशी जुळतो का.

## ६. रीडिंग न घेता आलेलं सरासरी बिल

बिलावर चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी `INACCS`, `LOCKED`, `RNA` किंवा `FAULTY` असा शब्द दिसला, तर त्या महिन्यात मीटर वाचलेलं नाही. मीटरपर्यंत पोहोचता आलं नाही, कुलूप होतं, रीडिंग मिळालं नाही किंवा मीटर बिघडलं आहे, असे त्यांचे अर्थ. अशा वेळी सरासरी युनिट लावून बिल येतं. बिल कमी आलं म्हणून लोक खूश होतात आणि शब्दाकडे लक्ष देत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी खरं रीडिंग घेतलं जातं आणि साचलेले सगळे युनिट एकाच बिलात येतात. एप्रिल आणि मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे राज्यभर हेच झालं होतं आणि जूनची बिलं पाहून लोक हादरले होते.

साचलेले युनिट भरावेच लागतात, कारण वीज वापरलेली आहे. पण ते सगळे एकाच महिन्याच्या टप्प्यांत कोंबले जाता कामा नयेत. टप्प्यांचा लाभ तितक्या महिन्यांत विभागून मिळायला हवा. हा फरक किती पडतो ते बघा.

एका घरात दर महिन्याला १८० युनिट जळतात. मीटर जिन्याखालच्या कुलूपबंद खोलीत आहे. दोन महिने हिवाळ्यातल्या वापरावरून ८० युनिटचं सरासरी बिल आलं. तिसऱ्या महिन्यात रीडिंग झालं तेव्हा तीन महिन्यांचे एकूण ५४० युनिट निघाले. आधीचे १६० वजा जाता उरले ३८०. हे ३८० एकाच महिन्याचे धरले तर वीज आकार ३,६९३ रुपये. आधीच्या दोन महिन्यांचे ७५३ रुपये ६० पैसे मिळवले की एकूण ४,४४६ रुपये ६० पैसे.

योग्य रीत अशी: ५४० युनिट तीन महिन्यांत विभागा. पहिल्या टप्प्याची मर्यादा ३०० होते. ३०० युनिटचे १,४१३ आणि उरलेल्या २४० चे २,४६९ रुपये ६० पैसे, एकूण ३,८८२ रुपये ६० पैसे. फरक ५६४ रुपयांचा, शुल्क धरून ६५४ रुपयांचा. एवढे पैसे परत मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि हे कागदावर मांडून दिलं तर बिलिंग विभागालाही ते नाकारता येत नाही.

रीडिंग घ्यायला माणूस आला नाही तर महावितरणच्या ॲपमधून स्वतः रीडिंग पाठवायची सोय आहे, तीही वापरा. आणि मीटर कुलपात असेल तर किल्ली कोणाकडे आहे हे तिथेच लिहून ठेवा.

## ७. आता मीटरकडे वळा

"मीटर पळतंय" ही शंका पहिल्याच दिवशी मनात येते, पण तिची पाळी सगळ्यात शेवटची. मीटर तपासणीसाठी शुल्क भरावं लागतं, म्हणून आधी घरच्या घरी होणाऱ्या तीन तपासण्या करा.

पहिली तपासणी मीटर तुमचंच आहे का याची. इमारतीत दहा-वीस मीटर एकाच पॅनेलवर असतात आणि दुरुस्तीच्या वेळी जोडण्यांची अदलाबदल होते. घरातला मेन स्विच बंद करा आणि एकाला मीटरपाशी उभं करा. बिलावरचा क्रमांक असलेल्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबायला हवा. तुमचा दिवा चालूच राहिला आणि शेजारचा थांबला, तर जोडणी उलटसुलट आहे. तुमचाच दिवा मंद गतीने चालू राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मध्ये कुठेतरी वीज गळते आहे किंवा कोणी ती घेतं आहे.

दुसरी तपासणी घरातल्या वायरिंगची. मेन चालू ठेवून सगळी उपकरणं बंद करा, प्लगही काढा. दिवा तरीही लुकलुकत असेल तर एकेक एमसीबी पाडत जा. ज्याच्यापाशी दिवा थांबेल त्या फांदीत दोष आहे. ओल आलेली भिंत, जुना गिझर आणि बोअरची मोटर हे नेहमीचे संशयित. नवी मीटरं फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतला प्रवाह मोजतात आणि त्यांतला जो जास्त असेल तो धरतात. त्यामुळे शेजारच्या घराची किंवा जिन्यातल्या दिव्याची न्यूट्रल तुमच्या न्यूट्रलला जोडली गेली असेल, तर त्यांचा वापर तुमच्या मीटरवर चढू शकतो. मीटर यात निर्दोष असतं, चूक वायरमनची असते.

तिसरी तपासणी वेगाची. मीटरवर `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून १,००० वॉटचा पाणी तापवायचा रॉड पाण्याच्या बादलीत ठेवून लावा आणि तीन मिनिटं दिव्याचे ठोके मोजा. साधारण १६० यायला हवेत. १४५ किंवा १७० आले तर मीटर सदोष ठरत नाही, कारण व्होल्टेज २३० ऐवजी २२० असेल तर रॉड स्वतःच आठ-नऊ टक्के कमी वीज खेचतो. २२० किंवा २५० ठोके आले तर मात्र मीटर तपासणीचा अर्ज करण्याइतकं कारण आहे.

इशारा: मीटरचं सील, झाकण किंवा त्याच्या मागच्या तारा यांना हात लावू नका. सील तुटलेलं आढळलं तर तुमच्या तक्रारीचं रूपांतर तुमच्यावरच्या वीजचोरीच्या चौकशीत होऊ शकतं. रॉड चालू असताना बादलीत हात घालू नका आणि लहान मुलांना दूर ठेवा.

## ८. तक्रार: काय लिहायचं, पैसे किती भरायचे

तोंडी तक्रारीचा माग राहत नाही. १९१२ वर फोन केला तर तक्रार क्रमांक लिहून घ्या. अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात "बिल जास्त आलं आहे" असं मोघम लिहू नका. कुठली ओळ चुकली, तिथे काय आहे, काय असायला हवं आणि फरक किती, एवढंच लिहा. उदाहरणार्थ: "चालू रीडिंग १५००२ नोंदवलं आहे. दिनांक अमुक रोजी मीटरवर प्रत्यक्ष रीडिंग १४९२० होतं. फोटो जोडला आहे. बिल दुरुस्त करून मिळावं." असा अर्ज टेबलावरून लवकर हलतो.

तक्रार केली म्हणून बिल न भरता बसणं ही महागात पडणारी चूक आहे. वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते हे खरं, पण नोटिशीची मुदत संपली की अडचण होते. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये यासाठी मार्ग आहे. वाद चालू असताना मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वीज तोडता येत नाही. पैसे भरताना "निषेधासह" हे शब्द लेखी पत्रात असू द्या आणि त्या पत्राचीही पोच घ्या.

शाखा किंवा उपविभागीय कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे जाता येतं, त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. दोन्ही ठिकाणी वकील असलाच पाहिजे असं नाही. बिलं, पावत्या, पोच घेतलेले अर्ज आणि तारखेचे फोटो क्रमाने लावून नेले की स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.